शीतगृहाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचंय: रीहोस्ट, रीप्लॅटफॉर्म की रीफॅक्टर?

बेदाणेवाला
मंडळी, जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आमचं बेदाण्याचं शीतगृह तासगाव रोडला, ऑफिस सांगलीत गावभागात. सर्व्हर ऑफिसात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१४ स्टँडर्ड. प्रोग्रॅम व्हीबी डॉट नेटचा, प्रत्येक कॉम्प्युटरवर एक्झी टाकलेली आणि ती थेट डेटाबेसला जोडते. आवक, जावक, लॉट, भाडं, बँकांना द्यायची तारण मालाची स्टेटमेंटं, सगळं त्यातच. दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस उघडतो: Vakhar_2223, Vakhar_2324 असे. मागच्या वर्षाची शिल्लक नवीन वर्षात ओढली जाते.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी वाढायला लागली तेव्हा सर्व्हर दोघांनी उचलून वरच्या मजल्यावर नेला होता. २०२१ ला परत तेच. मालक म्हणाले, आता हे बास, क्लाउडवर टाका.

तीन जणांकडून कोटेशन घेतलं. एक म्हणतो आहे तसं उचलून क्लाउडच्या मशीनवर ठेवू, म्हणजे रीहोस्ट, आठवड्यात काम. दुसरा म्हणतो रीप्लॅटफॉर्म करू, डेटाबेस क्लाउडवालेच सांभाळतात अशा मॅनेज्ड सेवेत टाकू, बाकी एक्झी आहे तशी चालेल. तिसरा म्हणतो हे सगळं जुनं झालं, रीफॅक्टर करू, म्हणजे वेबवर नव्याने लिहू. रक्कम अर्थातच चढत्या क्रमाने. कुणाचं ऐकू?

भडंगप्रेमी
पहिल्याचं. आधी उचला, मग निवांत सुधारा. रीहोस्टमध्ये काही बिघडत नाही, कारण आपण काही बदलतच नाही. आमच्या कंपनीत सगळे असंच करतात.

कंदी_पेढा
पेन ड्राइव्हवर रोज बॅकअप घ्या की राव. शिवाय गूगल ड्राइव्हवर एक कॉपी. क्लाउडच झाला ना तो? सातारला आमच्या पतसंस्थेत असंच करतोय, एक रुपया खर्च नाही.

बेदाणेवाला
@कंदी_पेढा बॅकअप आहेच हो. प्रश्न असा की पाणी ऑफिसात शिरलं तर तो बॅकअप उघडायचा कुठे? मागच्या वेळी दुसरं मशीन शोधण्यात आणि त्यावर सगळं चढवण्यातच दिवस गेले, आणि व्यापारी गेटवर माल मागत उभे.

मिरजेची_तार
@भडंगप्रेमी, "आपण काही बदलत नाही" हे अर्धंच खरं आहे. एक गोष्ट बदलते आणि याच प्रकारच्या प्रोग्रॅमला ती मारते: एक्झी आणि डेटाबेस यांच्यातलं अंतर.

ऑफिसातल्या लॅनवर एक क्वेरी जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद धरा. क्लाउडच्या मुंबई रीजनपर्यंत, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरपर्यंत, सांगलीच्या ब्रॉडबँडवरून जाऊन यायला २५ धरा. आकडा लहान दिसतो. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या शैलीत लिहिलेले व्हीबीचे प्रोग्रॅम एका क्वेरीत काम उरकत नाहीत. जावकची स्क्रीन उघडली की आधी व्यापाऱ्याचे लॉट आणतात, मग प्रत्येक लॉटसाठी शिल्लक वेगळी, भाड्याचा दर वेगळा, तारणाची नोंद वेगळी. म्हणजे प्रत्येक मिरचीसाठी बाजारात वेगळी खेप. एका स्क्रीनमागे ४०० खेपा सहज होतात. लॅनवर ४०० गुणिले अर्धा, म्हणजे ०.२ सेकंद, कुणाला कळतही नाही. तिकडे ४०० गुणिले २५, म्हणजे १० सेकंद. प्रत्येक वेळी स्क्रीन उघडली की १० सेकंद. क्लाउडचं मशीन कितीही मोठं घेतलं तरी हे १० चे ९ होत नाहीत, कारण वेळ मशीनमध्ये जात नाही, वाटेत जातो.

दुसऱ्या कोटेशनवाल्याच्या "एक्झी आहे तशी चालेल" मध्ये नेमकी हीच खोच आहे. डेटाबेस एकटा हलवला की तो कोणत्याही सेवेत असो, रडगाणं हेच.

बेदाणेवाले, एक सांगा. गेटवरचे लोक आत्ता प्रोग्रॅम कसा वापरतात?

बेदाणेवाला
रिमोट डेस्कटॉपने. ऑफिसातल्या दोन मशीनवर लॉगिन करतात. सुरुवातीला एक्झी तिथेच टाकली होती पण फार रेंगाळायची, म्हणून प्रोग्रॅमरने असं करून दिलं.

मिरजेची_तार
बघा, तुमचा प्रयोग झालेलाच आहे. तासगाव रोड ते गावभाग एवढ्याशा अंतरात जी एक्झी रेंगाळली, ती मुंबईपर्यंत काय करेल?

भडंगप्रेमी
मग मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा पुण्याचा रीजन घ्या. पुणे मुंबईपेक्षा सांगलीला जवळ. लेटन्सीचा विषयच संपला.

डेटा_सासूबाई
@भडंगप्रेमी पुणे जवळ आहे, पण पाकीट एसटीने जात नाही. तुमचा इंटरनेटवाला ट्रॅफिक आधी मुंबईला नेऊन मग पुण्याला आणत असेल तर पुणेच लांब पडतं. नकाशा बघू नका, मोजा. दोन्हीकडे एकेक छोटं मशीन तासभर चालू करा आणि ऑफिसच्या त्याच लाइनवरून वेळ बघा. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, मुलं घरी येऊन व्हिडिओ बघायला लागतात तेव्हा. सरासरीपेक्षा वाईट आकडा लिहून ठेवा.

कृष्णेचा_वाळूमामा
लई झालं ज्ञान. मी म्हंतो सर्व्हरच वरच्या मजल्यावर कायमचा ठेवा की. पाणी तिथवर येत न्हाई. फुकटात काम.

बेदाणेवाला
@वाळूमामा वर मालकांच्या आई राहतात. त्यांना पंख्याचा आवाज सहन होत नाही, सर्व्हरचा काय होणार? आणि पुरात लाइट जाते त्याचं काय. गेट तिकडे तासगाव रोडला कोरडं असतं, माल द्यायचा असतो, आणि डेटा गावभागात अंधारात.

कृष्णेचा_वाळूमामा
हां, मंग हाय प्रॉब्लेम.

औंधची_लेक
मी साताऱ्याजवळच्या एका उद्योगात हे काम केलंय, म्हणून मोजायची पद्धत सांगते. क्लाउडवर काहीही न नेता कळतं.

विंडोजवर `clumsy` नावाचं छोटं टूल आहे, ते पाकिटांना मुद्दाम उशीर लावतं. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर ते चालू करा आणि जाता-येता मिळून २५ मिलिसेकंद भरतील असा उशीर द्या. मग रोज बिलं करणाऱ्या माणसाला त्या मशीनवर बसवा. आपण स्वतः बसू नका, आपण दोन स्क्रीन उघडून "चालतंय" म्हणतो. त्याला अर्धा दिवस खऱ्या पावत्या करू द्या. कोणत्या स्क्रीनवर शिव्या येतात ते लिहून ठेवा.

दुसरं, त्या स्क्रीन उघडताना एसक्यूएल प्रोफायलर लावा आणि किती क्वेरी जातात ते मोजा. आमच्याकडे तीनच स्क्रीन गुन्हेगार निघाल्या, बाकीच्या पन्नासेक ठीक होत्या. म्हणजे "प्रोग्रॅम स्लो आहे" हे वाक्यच खोटं होतं. तीन स्क्रीन स्लो होत्या.

मिरजेची_तार
+१. आणि हे मोजल्यावर तिन्ही कोटेशनं वेगळी दिसायला लागतात.

रीहोस्ट करायचं तर एक्झी आणि डेटाबेस दोघांनाही एकत्र न्या. सर्व्हर क्लाउडवर, त्याच्या शेजारी दुसरं मशीन, त्यावर एक्झी, आणि सगळे रिमोट डेस्कटॉपने आत. तुमच्या गेटवर चालतंय तेच सगळ्यांना. एक्झी आणि डेटाबेस पुन्हा शेजारी आले, ४०० खेपा पुन्हा ०.२ सेकंदात. वाटेवरून फक्त स्क्रीनचं चित्र येतं.

पण कोटेशनमध्ये तीन गोष्टी आहेत का बघा. रिमोट डेस्कटॉपची माणशी लायसन्सं, ती विंडोजच्या लायसन्समध्ये येत नाहीत. एसक्यूएल स्टँडर्डचं लायसन्स, मशीन दोन कोअरचं घेतलं तरी किमान चार कोअरचं मोजलं जातं. आणि सध्याचं विंडोज मशीन घेतानाच त्याच्यासोबत आलेलं ओईएम असेल तर ते त्या लोखंडाला बांधलेलं आहे, वर नेता येत नाही. "आठवड्यात काम" म्हणणारे हे तिन्ही विसरतात, आणि मग पहिल्या महिन्याचं बिल बघून मालक तुम्हाला बोलावतात.

आणि रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडं इंटरनेटवर ठेवतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. व्हीपीएनच्या आतच.

भडंगप्रेमी
मग रात्री मशीन बंद ठेवायचं. सकाळी ८ ते रात्री ८, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. पूर्ण महिना धरला तर ७३० तास होतात. निम्म्याहून कमी बिल.

मिरजेची_तार
मशीनचं, हो. डिस्कचं भाडं बंद असतानाही चालूच राहतं. पण मुद्दा चांगला आहे, फक्त यांच्या सीझनला जुळतो का बघायला हवं.

बेदाणेवाला
मार्च ते मे नाही जुळणार. रात्री अकरा-बारालाही गाड्या येतात, आवक रात्रभर चालते. बाकी महिने जुळेल.

डेटा_सासूबाई
"रात्रभर आवक" वाचलं आणि थांबले. दुसरं कोटेशन, मॅनेज्ड डेटाबेस, तो नेमका कोणता? अझूर एसक्यूएल डेटाबेस म्हणत असेल तर ऐका.

त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं आणि बदलता येत नाही. तुमच्या प्रोग्रॅमरने तारीख `GETDATE()` ने घेतली असणार, सगळेच घेतात. रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेल्या गाडीची आवक आदल्या तारखेला पडेल. भाडं दिवसावर असेल तर एक दिवस जास्त लागेल, व्यापारी भांडेल. आणि १ एप्रिलच्या पहाटे आलेली गाडी ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाईल. दिवसा चाचणी घेतली तर यातलं काहीच दिसत नाही, तारीख बरोबरच येते. सगळं उत्तम चालतंय म्हणून सही होते आणि पहिल्या रात्रपाळीला फुटतं.

उपाय आहे, पण तो प्रत्येक जागी लावावा लागतो:

```sql
SELECT CAST(SYSDATETIMEOFFSET()
  AT TIME ZONE 'India Standard Time' AS date);
```

किंवा मॅनेज्ड इन्स्टन्स घ्या. तिथे टाइम झोन निवडता येतो, मात्र तयार करतानाच, नंतर नाही. ॲमेझॉनच्या आरडीएसवर एसक्यूएल सर्व्हर घेतला तरी तयार करतानाच टाइम झोन सांगा.

औंधची_लेक
आणि दरवर्षीचा वेगळा डेटाबेस! शिल्लक ओढणारी प्रोसिजर `Vakhar_2324.dbo.Shillak` असं काहीतरी वाचत असेल ना? अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये एका डेटाबेसमधून दुसऱ्याचं टेबल असं थेट वाचता येत नाही. किती ठिकाणी आहे ते असं शोधा:

```sql
SELECT OBJECT_NAME(referencing_id), referenced_database_name
FROM sys.sql_expression_dependencies
WHERE referenced_database_name IS NOT NULL;
```

पण हे फक्त प्रोसिजर आणि व्ह्यूमधलं दाखवेल. एक्झीच्या आत स्ट्रिंग जोडून केलेल्या क्वेरी इथे येत नाहीत, आणि वर्षाचं नाव जोडायची क्वेरी बहुतेक तशीच लिहिलेली असते. त्यासाठी पुन्हा प्रोफायलर, तोही वर्ष बदलताना लावायला हवा. वर्षातून एकदाच चालणारा कोड सगळ्यात शेवटी सापडतो.

बेदाणेवाला
आत्ता चालवून बघितलं. २३ नावं आली. त्यात बँकेच्या स्टेटमेंटची प्रोसिजरपण आहे, ती मागची तीन वर्षं वाचते.

वाईकर_आजोबा
मी या क्षेत्रातला नाही, निवृत्त आहे. पण कुतूहल म्हणून विचारतो, दरवर्षी नवीन डेटाबेस का उघडतात? बँकेत आम्ही नवीन वही उघडायचो तसं?

डेटा_सासूबाई
आजोबा, तसंच. पूर्वी मशीन लहान, वर्षाचा माल वेगळा ठेवला की वेगाने चालायचं, आणि ऑडिट झालं की जुनं वर्ष कुलूपबंद करता यायचं. त्यात काही लोक एसक्यूएल एक्सप्रेस वापरायचे, तिथे तेव्हा एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. वर्ष बदललं की मर्यादा पुन्हा शून्यापासून.

कंदी_पेढा
मग यांनी पण एक्सप्रेसच घ्यावं की, लायसन्सचा खर्च वाचला!

मिरजेची_तार
@कंदी_पेढा या वेळी तुम्ही अगदी चुकीचे नाही. बेदाणेवाले, सर्वात मोठा डेटाबेस किती?

बेदाणेवाला
९ जीबीच्या आसपास. निम्मं पावत्यांचे फोटो असणार, टेबलातच ठेवलेत.

मिरजेची_तार
फोटो बाहेर काढून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवले तर ४-५ जीबी. एक्सप्रेसमध्ये मावेल. मात्र एक्सप्रेस जेमतेम दीड जीबी मेमरी वापरतं आणि त्यात एजंट नाही, म्हणजे रात्रीचे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरने घ्यावे लागतील. सीझनला १४ माणसं एकदम काम करत असतील तर मला धाडस वाटत नाही. पण तपासायला हरकत नाही.

पुण्यात_अडकलेला_सांगलीकर
तिसऱ्या कोटेशनबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी बोलतो. मी असल्या नव्याने लिहिण्यात दोन वर्षं काढलीत. गिऱ्हाईक इथलंच, नाव नको. सुरुवातीला सगळे खूश, वेबवर चकाचक स्क्रीन. अडकलं कुठे, तर भाड्याच्या हिशोबात. जुन्या कोडमध्ये अमक्या व्यापाऱ्याला पहिले १५ दिवस माफ, तमक्याचा लॉट फुटला तर उरलेल्याला जुना दर, असले शेकडो नियम. ते कुठेही लिहिलेले नव्हते, फक्त कोडमध्ये होते. नवीन सिस्टीमचं बिल जुन्याशी जुळेना. शेवटी दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालू ठेवल्या, आणि अजून चालू आहेत असं ऐकतो. गिऱ्हाईक दोघांचे पैसे भरतंय.

भडंगप्रेमी
म्हणजे माझंच बरोबर, रीहोस्ट!

पुण्यात_अडकलेला_सांगलीकर
नाही रे. नव्याने लिहूच नका असं म्हणत नाही. सगळं एकदम लिहू नका. एक तुकडा घ्या. यांच्या गेटवर वजनकाटा आहे ना? आकडा हाताने टाइप करत असतील.

बेदाणेवाला
हो. काट्याच्या डिस्प्लेवर बघून माणूस टाइप करतो. चुका होतात, भांडणंही.

पुण्यात_अडकलेला_सांगलीकर
मग तो तुकडा. काट्याच्या डिस्प्लेला सीरियल पोर्ट असतो. गेटवरच्या मशीनवर एक छोटी सेवा चालवा. ती पोर्टवरून वजन वाचेल, आधी तिथेच साठवेल आणि नेट असेल तेव्हा वर पाठवेल. नेट गेलं तरी गाडी अडत नाही. काटा काही क्लाउडवर जाणार नाही, तो गेटवरच राहणार, म्हणून हा तुकडा तसाही वेगळा काढावाच लागेल. यात भाड्याचा एकही नियम नाही, त्यामुळे हिशोब न जुळण्याची भीती नाही.

मिरजेची_तार
मान्य, पण एक खाच. गेटपासचा नंबर कोण देणार? नेट नसताना गेटने नंबर दिला आणि त्याच वेळी ऑफिसनेही दिला तर एकच नंबर दोनदा. गेटची मालिका वेगळी ठेवा, G-००१ अशी.

बेदाणेवाला
त्याला ऑडिटर तयार होतील का विचारावं लागेल. आतापर्यंत एकच सलग मालिका आहे.

(दोन दिवसांनी)

बेदाणेवाला
`clumsy` चा प्रयोग केला. २५ मिलिसेकंद लावून आमच्या बिलं करणाऱ्या काकांना बसवलं, कारण न सांगता. आवकच्या स्क्रीनवर काही बोलले नाहीत. जावकवर "आज काय झालंय याला" म्हणाले. प्रोफायलरमध्ये जावकला ३८० क्वेरी, व्यापाऱ्याच्या खातेउताऱ्याला साधारण तेवढ्याच, बँक स्टेटमेंटला हजारावर. बाकी सगळीकडे वीस-तीस.

औंधची_लेक
म्हणजे तुमच्याकडेही तीनच! जावकची स्क्रीन तर एका जॉइनने पाच-सहा क्वेरीत बसेल. माझं मत: या तीन स्क्रीन आत्ताच, इथेच, लॅनवर दुरुस्त करून घ्या. क्लाउडचा संबंधही नको. मग आकडे जुन्याशी जुळवणं सोपं, कारण बाकी काहीच हललेलं नसतं. ते झालं की डेटाबेस कुठेही न्या, एक्झी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर राहिली तरी चालेल आणि रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं वाचतील.

मिरजेची_तार
मी उलट क्रमाने जाईन. पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तुमच्या प्रोग्रॅमरची वाट बघत नाही. शिवाय विंडोज २०१२ आर२ चे नेहमीचे पॅच ऑक्टोबर २०२३ पासून बंद, एसक्यूएल २०१४ चे जुलै २०२४ पासून. आधी रिमोट डेस्कटॉपसकट रीहोस्ट, नव्या विंडोज आणि नव्या एसक्यूएलवर, दुरुस्त्या पावसाळ्यानंतर.

औंधची_लेक
तीन स्क्रीनला पावसाळ्यापर्यंत वेळ पुरतो की.

डेटा_सासूबाई
तुम्ही दोघं ठरवा, मी फक्त बदलाच्या रात्रीबद्दल सांगते. शनिवारी पूर्ण बॅकअप वर पाठवा. सगळी वर्षं मिळून दाबून १२ जीबी झाला आणि अपलोड २० एमबीपीएस असेल तर दीड तास धरा. रविवारी संध्याकाळी काम थांबवून फक्त डिफरन्शियल, म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच पाठवायचं, तो लहान असतो:

```sql
RESTORE DATABASE Vakhar_2425
 FROM DISK='D:\bak\full.bak' WITH NORECOVERY;
RESTORE DATABASE Vakhar_2425
 FROM DISK='D:\bak\diff.bak' WITH RECOVERY;
```

जुन्या २०१४ चा बॅकअप नव्या एसक्यूएलवर उघडतो, उलटं होत नाही. म्हणजे सोमवारी नव्यावर पावत्या झाल्या की मागे फिरायची वाट बंद. त्यामुळे रविवारी रात्रीच ठरवा की ठेवायचं की नाही. आणि एक: रोजचा रात्रीचा बॅकअप शनिवारी मध्येच पूर्ण बॅकअप घेतो, मग तुमचा डिफरन्शियल त्याला जोडला जातो आणि वर नेलेल्या फाइलवर बसत नाही. त्या रात्रीपुरतं त्याला `COPY_ONLY` लावा.

बेदाणेवाला
सर्वांचे आभार. आज प्रोग्रॅमरला फोन केला, तो आता हिंजवडीला नोकरी करतो. तीन स्क्रीन करून देईन म्हणतो, पण त्याच्याकडचा सोर्स २०२१ चा आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या इथे येऊन ज्या मशीनवर केल्या, ते मशीन भंगारात गेलं.

पुण्यात_अडकलेला_सांगलीकर
डॉट नेटची एक्झी आहे ना? `ILSpy` मध्ये उघडा. ऑब्फस्केट केलेली नसेल तर कोड बऱ्यापैकी वाचता येतो. कॉमेंट जातात, काही नावं जातात, क्वेरी मात्र जशाच्या तशा दिसतात. आधी प्रोग्रॅमरची परवानगी घ्या. मग २०२१ च्या सोर्सशी तुलना करून काय बदललंय ते काढा.

बेदाणेवाला
उघडली. क्वेरी दिसतायत. जावकच्या लूपमध्ये एक अट आहे, एका व्यापाऱ्याचा कोड थेट लिहिलाय. काकांना विचारलं, ते म्हणतात तो व्यापारी तर कधीच बंद झाला. काढू का ठेवू?

मिरजेची_तार
त्याचा माल शून्य आहे का बघा आधी, सगळ्या वर्षांत.